अनुभव धागा: खुर्चीतून खाली टाकणारी पिल्लं

रंकाळाकाठी
काल बहिणीकडे राजारामपुरीत जेवायला गेले होते. तिची नात आता अकरा महिन्यांची. उंच खुर्चीत बसवली, समोर गुरगुट्या भात, तूप, गाजराच्या मऊ फोडी. पहिले चार घास व्यवस्थित. मग एक फोड उचलली, हात खुर्चीबाहेर काढला आणि सोडली. वाकून बघितली. दुसरी फोड, तेच. मग चमचा. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, ही मुद्दाम करते गं!" मला आमच्या थोरल्याची आठवण आली. आता इंजिनीयरिंगला आहे, पण तेव्हा शहाबादी फरशीवर स्टीलचं फुलपात्र टाकून टाकून त्याने खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप उडवली होती. सासूबाईंना अन्न खाली पडलेलं खपायचं नाही, मला पोराला ओरडणं खपायचं नाही. वर्षभर घरात तेच चाललं होतं.
तुमच्याकडे काय काय पडलं? आणि का टाकतात हो?

पेठेतला_पैलवान
आमच्याकडं हा प्रश्न कुत्र्यानं सोडवलाय. खुर्चीखालीच मुक्काम. पोरगं भाकरी टाकालंय, ते खालालंय. दोघंबी खूश. फक्त कुत्र्याचं वजन लई वाढलंय.

सायली_क
न्यूटन आहेत सगळे 😄 वरून सोडलं की खाली पडतं हे त्यांना माहीतच नसतं ना, ते शिकतात. दहा वेळा टाकलं की कळतं. नंतर आपोआप बंद.

मधुरा_ओटी
सायली, अर्धं बरोबर आहे तुझं. मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, त्यामुळे हे रोज बघते. आधाराशिवाय वस्तू पडते एवढं बाळाला फार आधीपासून अपेक्षित असतं. चार-साडेचार महिन्यांच्या बाळांना हवेत नुसतीच तरंगणारी वस्तू दाखवली तर ती पडणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त वेळ टक लावून बघतात, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे अकरा महिन्यांच्या बाळाला 'पडेल का' हा प्रश्न नसतो. ते बघत असतं की *कशी* पडेल, कुठे जाईल, आवाज कसला येईल.
दुसरं म्हणजे हाताचं. पकडणं बाळाला जन्मापासून येतं, तळव्यात बोट ठेवलं की घट्ट धरतं. ठरवून सोडणं मात्र खूप उशिरा येतं, साधारण नवव्या-दहाव्या महिन्यानंतर. तोवर वस्तू हातातून निसटते किंवा ओढून घ्यावी लागते. नवी कला आली की ती वापरायचीच. थोडी घाई आहे, नंतर लिहिते.

कळंब्याची_आई
उंच खुर्ची कुठे मिळेल चांगली? शाहूपुरीत बघितली पण ट्रे निघत नाही, धुवायचा कसा? पट्टे पाच असावेत की तीन?

आजी_मंगळवारपेठ
आमच्या वेळी कुठल्या खुर्च्या? पाटावर बसवायचं नाहीतर मांडीत घेऊन भरवायचं. जमिनीवर बसलेलं पोर टाकणार किती नि कुठं! वाटी कलंडेल फार तर. पण आमच्या धाकट्याला गॅलरी सापडली. साबण, कंगवा, ह्यांच्या चष्म्याची डबी, सगळं दुसऱ्या मजल्यावरून खाली. खालचा दूधवाला वर आणून द्यायचा बिचारा. मी सांगते, नजर लागली होती, मीठ-मोहऱ्या ओवाळल्यावर थांबला.

सायली_क
आजी 😂 बरोबर त्याच महिन्यात गॅलरीला जाळी लागली असणार.

आजी_मंगळवारपेठ
जाळी लावलीच होती. पण दृष्टपण काढली.

प्रसाद_इचलकरंजी
एकच उपाय, अजिबात लक्ष द्यायचं नाही. आम्ही उचलणं बंद केलं, हसणं बंद केलं, आठवड्यात गेलं. सगळे उगाच कौतुक करतात म्हणून पोरं करतात.

वैशाली_म
प्रसाददादा, आमच्याकडे लक्ष न देऊन काहीही फरक पडला नाही. मी पाठ करून भांडी घासत होते तरी मागे ठण् ठण् चालूच.

मधुरा_ओटी
दोघांचंही खरं आहे, कारण ती दोन वेगळी कामं आहेत. वस्तू सोडल्यावर बाळाची नजर कुठे जाते ते बघा, बहुतेक वेळा तिथेच कळतं.
एका घरचं सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मुलगा वर्षाचा होत आलेला. आईची तक्रार, "दर जेवणाला फेकतो, हट्टी आहे." मी नुसती बाजूला बसून जेवण बघितलं. सुरुवातीला त्याने स्टीलची वाटी उजवीकडून सोडली. तिकडे उघडी फरशी. खणखणाट झाला, तो वाकून वाटी फिरत थांबेपर्यंत बघत राहिला. आईकडे बघितलंसुद्धा नाही. मग चमचा, उजवीकडेच. मग चमचा डावीकडे, तिथे सतरंजी होती. आवाज आलाच नाही. तो थबकला. आईने चमचा दिला तसा पुन्हा डावीकडेच सोडला आणि पुन्हा खाली बघितलं.
ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलाबद्दल, लोराँबद्दल, अगदी हेच लिहून ठेवलंय. दहा महिन्यांचा लोराँ पाठीवर पडून हात कधी सरळ, कधी तिरका करून खेळणी सोडायचा आणि एखादं खेळणं नवीन ठिकाणी, उशीवर वगैरे पडलं की पुन्हा दोन-तीनदा तिथेच टाकून बघायचा. कळंब्यातल्या फरशीवर काही वेगळं चालत नाही.
पुढे काय झालं बघा. आई तिसऱ्यांदा "अरे देवा!" म्हणून उठली. तेव्हापासून त्याची नजर फरशीवरून तिच्या चेहऱ्यावर गेली. वाटी सोडायच्या *आधीच* तिच्याकडे बघून हसायला लागला. हा आता खेळ झाला, तू उचल मी टाकतो. प्रसाददादांच्या घरी हाच असणार, म्हणून लक्ष काढल्यावर विझला. वैशालीताईंच्या पिल्लाला प्रेक्षक नकोच होता, त्याला ठण् हवा होता.
आणि शेवटी, दहा-बारा मिनिटांनी, त्याने मान वळवली आणि हाताने ट्रेवरचं सगळं एका फटक्यात बाजूला सारलं. ना खाली बघितलं, ना आईकडे. पोट भरलं होतं. बोलता येत नाही, तर सांगणार कसं? आणि आई नेमकी त्यानंतर अजून पाच घास भरवायचा प्रयत्न करत होती.

रंकाळाकाठी
मधुराताई, मग त्यांना सांगितलंत काय?

मधुरा_ओटी
फार काही नाही. ट्रेवर एका वेळी दोन-तीनच तुकडे, संपले की पुढचे. टाकायला दारूगोळाच कमी. पडलेलं लगेच उचलायचं नाही, चेहरा साधा ठेवायचा, जेवण झाल्यावर एकदम गोळा करायचं. मान वळली किंवा हात फिरला की "झालं? संपलं" म्हणून हात हलवून दाखवायचा आणि ट्रे काढायचा, पुढे एकही घास नाही. आणि टाकायची हौस वेगळ्या वेळी भागवायची. दुपारी जमिनीवर एक बादली, शेजारी चेंडू, लाकडी चमचा, कापडाचा गोळा.
जेवणाआधी तासाभरात बाटलीभर दूध जात होतं, ते पण हलवलं. वर्षाच्या पुढे दिवसाला अर्धा लिटर दूध पुरे, त्याहून जास्त गेलं की जेवणाला भूक कुठून येणार?
महिन्याने विचारलं तर शेवटी ट्रेवरचं सगळं एका फटक्यात सारणं बरंच कमी झालं होतं. वाटीचा खणखणाट चालूच. तो चालणारच, दीड वर्षापर्यंत तरी.

बापू_पाईपवाले
माझं फिटिंगचं दुकान हाय, म्हणून एक गंमत करून बघितली. अडीच इंची पीव्हीसीचा तुकडा, दोन बेंड लावून नागमोडी केला आणि उभा बांधला. वरनं टेबल टेनिसचा बॉल टाकला, तो बाहेर पडतोय हातभर बाजूला. खाली दोन डबे ठेवले, एक बरोबर वरच्या तोंडाच्या खाली, एक पाईप जिथं संपतोय तिथं. नातू अडीच वर्षाचा. प्रत्येक वेळी सरळ खालच्याच डब्यात हात! बॉल दुसरीकडं पडतोय हे दाखवलं, तरी पुढच्या वेळी परत तिथंच. भावा, नाद खुळा. थोरली नात सहा वर्षाची, तिनं पहिल्या झटक्यात ओळखलं.

मधुरा_ओटी
बापूकाका, हा प्रयोग ब्रूस हूड नावाच्या ब्रिटिश संशोधकाने 1990 च्या दशकात केलाय! दोन ते चार वर्षांची मुलं अशीच चुकतात. इतकं टाकून टाकून 'खाली म्हणजे सरळ खाली' डोक्यात एवढं पक्कं बसतं की डोळ्यांसमोरचा वाकडा पाईपही त्यांना वळवू शकत नाही.

बापू_पाईपवाले
आयला. आणि मला वाटलं मी शोधलं.

स्नेहल_कागल
माझा साडेतीन वर्षांचा आहे. तो ताटच भिरकावतो. रागाने. भात-भाजी एकत्र लागली की जास्त. त्यालाही बादली देऊ का?

मधुरा_ओटी
स्नेहल, साडेतीनला रागाने ताट भिरकावणं यात मी नाही बसवणार. पातळ-घट्ट एकत्र आलं की उबळ येते का? ठराविक चार-पाच पदार्थच खातो का? वजन कसं आहे? हे बघितल्याशिवाय मी इथे काही सांगणं बरोबर नाही. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव.

स्नेहल_कागल
उबळ येते. पण दुसऱ्यांच्या घरी गेला की तेच निमूट खातो, म्हणून सगळे म्हणतात नाटक करतो.

वैशाली_म
अगं आमच्याकडे पण बाहेर शहाणा नि घरी राक्षस. नाटकच असेल असं नाही हं. दाखवून ये तू.

पेठेतला_पैलवान
मधुराताई, कुत्र्याच्या जेवणाआधीचं दूध पण बंद करू का?

कळंब्याची_आई
माझ्या खुर्चीचं कुणीच सांगितलं नाही 🙁

प्रसाद_इचलकरंजी
पट्टे पाच घ्या. तीनवाल्यातनं आमचं पोरगं उभं राहायचं. आणि पायाखाली पाटी असलेली बघा, पाय लोंबकळले की पोरं वळवळतात. आमची माळ्यावर पडलीय, हवी तर देतो. ट्रे निघतो, फक्त एका बाजूचा खटका सैल आहे.

कळंब्याची_आई
चालेल की! खटका घरी बसवतील. रविवारी येऊ का?

प्रसाद_इचलकरंजी
या. अकरानंतर या, आधी पाणी भरायचं असतं.