विषय: पार्सलवर ड्यूटी दोनदा घेतली, दाद कुठे मागायची?

रेवती, स्लाव:
नमस्कार मंडळी,
भारतातल्या एका ऑनलाइन दुकानातून पितळेची मूर्ती आणि घंटा मागवली. वस्तूंचे 128 पौंड, पाठवणावळ 18 आणि त्यावर "यूके टॅक्स" म्हणून 29.20, असे एकूण 175.20 पौंड ऑर्डर देतानाच भरले. आता टपालाचं "फी टू पे" कार्ड आलंय. कस्टमचे 35.04 आणि हाताळणीचे 8, म्हणजे 43.04 पौंड भरल्याशिवाय पार्सल मिळणार नाही. एकाच मालावर दोनदा कर कसा? दुकानदार म्हणतो, तुमच्या सरकारला विचारा. टपालवाले म्हणतात, दुकानदाराला विचारा.

समीर, रेडिंग:
रेवती, 135 पौंडांच्या आतल्या मालाला काहीच टॅक्स नसतो. दुकानदाराचे 29 पण चुकीचे आणि कस्टमचे 35 पण. सरळ पार्सल नाकार, परत जाऊ दे, आणि कार्डाच्या बँकेकडून पैसे उलटव.

अरविंद, हाउन्स्लो:
समीर, तुझं अर्धंच बरोबर आहे. 135 पौंडांपर्यंत कस्टम ड्यूटी नाही, पण 20 टक्के व्हॅट आहे. 1 जानेवारी 2021 पासून या छोट्या पार्सलांवरचा व्हॅट हद्दीवर न घेता विक्रेत्यानेच विकताना घ्यायचा आणि एचएमआरसीकडे भरायचा. 135 च्या वर गेलं की उलट. विक्रेत्याने व्हॅट घ्यायचा नाही, तो हद्दीवर लागतो आणि लागू असेल तर ड्यूटीही. त्यामुळे दोन्ही रकमा एकदम बरोबर असू शकत नाहीत. आधी चुकीची कोणती ते ठरवायचं, कारण जी चुकली असेल ती ज्याने घेतली त्याच्याकडेच मागायची. दुसऱ्याच्या दारात कितीही उभं राहिलात तरी उपयोग नाही.

पार्सल नाकारू नका असं मी म्हणेन. ते परत भारतात गेलं की दुकानदार जाण्यायेण्याचा टपालखर्च कापून उरलेले देतो, तेही द्यायचे म्हटले तर. टपाल साधारण तीन आठवडे थांबतं, तोवर पुरावे गोळा होतात.

रेवती, दोन गोष्टी पाहून सांगा. एक, बिलावर विक्रेत्याचा किंवा संकेतस्थळाचा GB ने सुरू होणारा नऊ आकडी व्हॅट नंबर आहे का? gov.uk वर "Check a UK VAT number" मध्ये तो टाकून पाहा, नाव जुळायला हवं. दोन, खोक्यावर चिकटवलेल्या CN23 या कस्टमच्या घोषणा फॉर्मवर किंमत किती लिहिली आहे? खोकं अजून टपालात असलं तर पैसे भरून हातात आलं की पाहा.

स्नेहा, वॉटफर्ड:
माझा पण हाच प्रॉब्लेम! आई दिवाळीला नाशिकहून फराळ पाठवते, वर ठळक Gift लिहिते, तरी मागच्या खेपेला पैसे पडले. रेवती, तू पण Gift लिहायला सांग ना दुकानदाराला.

अरविंद, हाउन्स्लो:
स्नेहा, नका हो तसं सांगू. भेटीची सवलत माणसाने माणसाला पाठवलेल्या वस्तूला आहे, दुकानाने विकलेल्या मालाला नाही. दुकानदाराने Gift लिहिलं तर ती खोटी घोषणा ठरते. आणि आईच्या डब्यालाही मर्यादा 39 पौंडांची आहे. त्यापेक्षा जास्त किंमत असली की व्हॅट लागतो. फॉर्मवर नुसतं "food" न लिहिता चकली, शंकरपाळे असं एकेक लिहून किंमत घालायला सांगा. पेढे किंवा खव्याचं काही असेल तर तिथे कराचा नाही, बंदीचा प्रश्न आहे.

रेवती, स्लाव:
पैसे भरून पार्सल घेतलं. व्हॅट नंबर बिलावर आहे आणि तपासल्यावर त्याच संकेतस्थळाचं नाव आलं. CN23 वर "brass items, 2 pcs, 175.20 GBP" एवढंच. लेबलावर ड्यूटीच्या रकान्यात शून्य, व्हॅटच्या रकान्यात 35.04.

अरविंद, हाउन्स्लो:
झालं, इथेच माशी शिंकली. 175.20 चे 20 टक्के म्हणजे बरोबर 35.04. पाठवणाऱ्याने मालाची किंमत लिहायच्या जागी तुम्ही भरलेली सगळी रक्कम लिहिली. त्यात टपालखर्च आहे आणि आधी घेतलेला व्हॅटसुद्धा आहे. म्हणजे व्हॅटवर व्हॅट बसला. बॉर्डर फोर्सच्या माणसापुढे तुमचं बिल नसतं, त्याला दिसतो तो CN23. तो 135 च्या वर, म्हणून त्याने आकारणी केली. त्याच्या दृष्टीने ती रीतसरच होती.

135 ची मर्यादा मोजताना मालाचीच किंमत धरतात. बिलात टपाल, विमा आणि कर वेगळे दाखवले असतील तर ते धरत नाहीत. तुमच्या बिलात 128 वेगळे आहेत ना? मग पार्सल मर्यादेच्या आत आहे, विक्रेत्याचे 29.20 बरोबर आहेत आणि हद्दीवरचे 35.04 चूक.

पार्सल रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आणलेलं असेल तर पैसे परत मागायचा फॉर्म BOR286. कुरिअर कंपनीने आणलेलं असेल तर C285. मंडळातले बरेच जण चुकीचा फॉर्म पाठवतात आणि महिनेच्या महिने वाट बघतात. सोबत बिल, पैसे भरल्याची बँकेची नोंद, आणि खोक्यावरचं आकारणीचं लेबल व CN23 जोडा. पुठ्ठ्यासकट कापून घ्या, ओढून काढू नका, फाटतं. आधी दोन्हीचे फोटो काढून ठेवा. कारणाच्या जागी भावना नकोत. एवढंच लिहा: "मालाची किंमत 128, विक्रेत्याने अमुक नंबरखाली व्हॅट 29.20 आकारला, CN23 वर चुकून टपाल आणि कर धरून रक्कम लिहिली गेली." विक्रेत्याकडून तसं दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तम. तो पैसे देणार नसला तरी हे लिहून द्यायला त्याचं काही जात नाही.

एक मात्र विचारतो. दोन वस्तू एकाच ऑर्डरच्या होत्या ना? कारण दोन ऑर्डरी एका खोक्यात घालून पाठवल्या आणि दोन्ही मिळून 135 च्या वर गेल्या, तर हद्दीवरची आकारणी बरोबर ठरते. तेव्हा BOR286 चालत नाही, विक्रेत्याने घेतलेला व्हॅट त्याच्याकडूनच परत मागावा लागतो. बिलावरचा व्हॅट नंबर खोटा निघाला तरी तेच. कर भरल्याचं तोंडी सांगणं कस्टमला चालत नाही.

योगेश, डब्लिन:
लंडनहून इकडे आलो तरी यादीवर आहेच. आयर्लंडमध्ये मी विक्रेत्याचा IM ने सुरू होणारा IOSS नंबर पार्सलच्या माहितीत घातला आहे का ते विचारतो, म्हणजे पोस्ट पुन्हा मागत नाही. रेवतीने तेच करावं.

अरविंद, हाउन्स्लो:
योगेश, ती युरोपियन युनियनची व्यवस्था, 150 युरोपर्यंतची. स्लावला IOSS नंबर चालत नाही. तुमच्याकडच्या मंडळींसाठी मात्र सल्ला बरोबर आहे.

रेवती, स्लाव:
एकच ऑर्डर होती, काका. आणि ते 8 पौंड?

अरविंद, हाउन्स्लो:
ती टपालाची हाताळणी फी आहे, कर नाही, म्हणून फॉर्मच्या रकमेत धरू नका. निर्णय तुमच्या बाजूने आला की ते पत्र जोडून टपालाकडे वेगळा अर्ज करा.

समीर, रेडिंग:
माझ्या ऑफिसातल्या एकाला ती फी नाही मिळाली परत, दोनदा लिहूनही.

मीनल, हॅरो:
आमच्या शेजाऱ्यांना मिळाली. पण त्यांनी निर्णयाच्या पत्राची प्रत लावली होती. समीर, तुझ्या मित्राने काय लावलं होतं?