शब्दचर्चा : ‘सीक्रेट आयडेंटिटी’ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी : सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर मराठीत लेख लिहिते आहे. ‘सीक्रेट आयडेंटिटी’साठी ‘गुप्त ओळख’ लिहिलं, पण ‘क्लार्क केंट ही सुपरमॅनची गुप्त ओळख आहे’ या वाक्याशी अडखळले. क्लार्क तर रोज वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो, त्याला सगळे ओळखतात. मग त्यात गुप्त काय? वेषांतर, तोतया, बहुरूपी, अज्ञातवास, यांतला कुठला शब्द बसेल?

सदानंद : सरळ ‘वेषांतर’ लिहा. चष्मा लावला, कपडे बदलले, की झाला क्लार्क. नाहीतर ‘तोतया’ आहेच.

अ‍ॅड. कुलकर्णी : दुसऱ्याच्या नावावर कर्ज किंवा सिमकार्ड घेण्याबद्दल प्रश्न असेल तर कायद्याच्या मराठीत ‘तोतयेगिरी’ हा रुळलेला शब्द आहे.

वसुधा : कुलकर्णीसाहेब, प्रश्न कथेतल्या पात्राचा आहे, पण तुमच्यामुळे ‘तोतया’ का नको हे स्पष्ट झालं. तोतयाला आधी कोणीतरी खरा माणूस लागतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, कारण भाऊ खरोखर होऊन गेले होते. क्लार्क कोणाचीच जागा घेत नाही. बहुरूपीही जमत नाही. दारात आलेला पोलीस हा बहुरूपी आहे हे घरच्यांना माहीत असतं, म्हणून तर ते कौतुकानं पैसे देतात.

अज्ञातवास बराच जवळचा आहे. विराटाच्या घरी भीम बल्लव नावाचा आचारी होतो, अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवतो. कीचक मारला गेल्यावर ‘माझ्या गंधर्व पतींनी मारलं’ असं सैरंध्री सांगते. म्हणजे वेष, त्याला साजेसं काम आणि अंगाशी आलं तर द्यायचं कारण, तिन्ही गोष्टी तिथे आहेत. फरक एवढाच की त्या वर्षभर पांडव म्हणून ते जगाला कुठेच दिसत नाहीत. सुपरमॅन आणि क्लार्क मात्र एकाच शहरात, एकाच आठवड्यात उघडपणे वावरतात. दोघांपैकी कोणीच गुप्त नाही, गुप्त आहे ते दोघांमधलं नातं. म्हणून मृण्मयी, तुमचं वाक्य अडखळतं.

माझं मत ‘सोंग’ या शब्दाला. वेष अंगावर चढवतात, सोंग वठवावं लागतं. 1938 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातला प्रसंग पाहा. क्लार्क लोइस लेनला घेऊन नाचायला जातो. एक दांडगा माणूस मध्ये घुसतो आणि क्लार्क मुकाट माघार घेतो. लोइस त्या दांडगोबाच्या थोबाडीत मारते आणि क्लार्कला भित्रा म्हणून निघून जाते. तो दांडगोबा साथीदारांसह तिला गाडीतून पळवतो, तेव्हा सुपरमॅन ती गाडीच उचलून आपटतो. मुखपृष्ठावर आहे ती हीच गाडी. आता लोइसच्या जागी उभं राहून पाहा. या दोघांची तुलना करावी असं तिच्या मनात येणारच नाही. तिला फसवलं ते क्लार्कच्या भित्रेपणानं. चष्म्याचा वाटा लहान.

निखिल : पण रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला चेहरा ओळखू येऊ नये? चष्म्याचा परिणाम होतो असा एक अभ्यास झाला होता ना?

वसुधा : झाला आहे, 2016 साली इंग्लंडमध्ये. दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का, हे लोकांना ओळखायचं होतं. एका फोटोत चष्मा आणि दुसऱ्यात नाही, अशा जोड्यांत अचूकता सुमारे 6 टक्क्यांनी घटली. पण ते चेहरे पाहणाऱ्यांना अनोळखी होते. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला सुपरमॅन ओळखू न येणं पटतं, लोइसचं कोडं तसंच राहतं.

सदानंद : त्याचं उत्तर कॉमिक्समध्येच आहे. त्याच्या चष्म्याच्या काचा क्रिप्टॉनहून आलेल्या यानाच्या होत्या आणि त्यांतून तो सगळ्यांना संमोहित करायचा.

वसुधा : सदानंदराव, ती कथा खरी आहे, 1978 च्या एका अंकातली. पण ते स्पष्टीकरण पुढे रुजलं नाही, आणि मला तरी ते मुळातच चुकीच्या जागी दिलेलं वाटतं. संमोहन आलं की सोंगाची गरजच संपते. मग क्लार्कनं खांदे पाडून चालायचं कशासाठी? त्याच वर्षीच्या चित्रपटात क्रिस्टोफर रीव्हनं हे उलट बाजूनं दाखवलं आहे. लोइसच्या घरात ती आत गेलेली असताना तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली आणतो, आणि त्याच कपड्यांत सुपरमॅन उभा राहतो. मग धीर सुटतो आणि खांदे पुन्हा उतरतात. एकही चित्रचमत्कार न वापरता हा बदल पटतो, कारण बदल शरीरात आहे.

आणखी एक. सुपरमॅन मुखवटा घालत नाही. मुखवटा पाहिला की ‘आत कोण?’ हा प्रश्न आपोआप येतो, बॅटमॅनच्या बाबतीत येतो तसा. उघड्या चेहऱ्याच्या माणसाला दुसरं नाव असेल असं कोणाला वाटत नाही. शोधच सुरू होत नाही, तर चष्म्याची परीक्षा कोण घेणार?

प्रसाद : मी शाळेसाठी बालनाट्य लिहितोय. नायक गावचा पोस्टमन आहे आणि संकटात मुखवटा लावून येतो. तालमीत मुलंच म्हणतात की गावकऱ्यांना कळायला हवं. मुखवटा मोठा करू का?

वसुधा : मुखवटा आहे तेवढाच ठेवा, हजेरी तपासा. अशी सोंगं चेहऱ्यापेक्षा गैरहजेरीनं जास्त फुटतात. प्रत्येक संकटाच्या वेळी पोस्टमन गायब आणि पाच मिनिटांनी परत, हे दोन-तीनदा झालं की मुलं मोजायला लागतात. क्लार्कची सोय पाहा. भित्रा आहे म्हणून तो पळाला, हे लोकांना पटतं. बातमीदार आहे म्हणून घटनास्थळी सापडला, हेही पटतं. जाणं आणि येणं, दोन्हींची कारणं त्याच्या स्वभावात आणि नोकरीत आधीच बसवलेली आहेत. तुमच्या पोस्टमनला बाहेर राहायला टपालाची फेरी आहे, पण संकट पाहून पळण्याचं कारण नाही. ते पहिल्याच प्रवेशात पेरा. तो कुत्र्यांना भयंकर घाबरतो असं दाखवलंत तरी पुरे.

आणि मुलांना गुपित लगेच सांगून टाका. सुपरमॅनच्या पहिल्या अंकात पहिल्याच पानावर वाचकाला सगळं कळतं. 1939 मध्ये बॅटमॅनच्या पहिल्या कथेत मात्र ब्रूस वेनचं नाव शेवटच्या चौकटीत फुटतं, म्हणजे तिथे वेषाला एकदा तरी वाचकालाही चकवावं लागलं. वाचक गुपितात सामील झाला की ‘मला पटतं का’ हे विचारणं सोडतो आणि ‘आता हिला कळेल का’ यात गुंततो. चष्मा पातळ असला तर ही धाकधूक उलट वाढते.

निखिल : हे 1987 च्या अंकातल्या लेक्स ल्यूथरला लागू पडतं. त्याचा संगणक सरळ सांगतो की क्लार्क केंट हाच सुपरमॅन. ल्यूथर ते धुडकावतो. एवढी ताकद असलेला माणूस सामान्य असल्याचं सोंग करेल, हे त्याला पटतच नाही. त्याला चष्म्यानं नाही, त्याच्याच स्वभावानं फसवलं.

मृण्मयी : ‘सोंग’ पटतंय, पण त्याला वाईट वास आहे. ‘सोंगं करू नकोस’ असं आपण मुलांना दरडावतो. शिवाय वाक्य कसं करू? ‘क्लार्क हे सुपरमॅनचं सोंग’?

वसुधा : जुन्या अंकांसाठी तसंच.

निखिल : 1986 नंतरच्या अंकांत ते उलटं पडेल. जॉन बर्न यांनी नव्यानं मांडलेल्या कथेत शेतावर वाढलेला क्लार्क हाच खरा माणूस आहे आणि सुपरमॅन त्यानं घेतलेलं रूप. तिथे ‘सुपरमॅन हे क्लार्कचं सोंग’ म्हणावं लागेल.

सदानंद : म्हणून म्हणतो, वेषांतर. कुठल्याही सालाला चालतं.

मृण्मयी : लेखात दोन्ही काळ आहेत. सध्या सगळीकडे ‘दुहेरी ओळख’ लिहून ठेवते, आणि नाचाच्या प्रसंगाशी तेवढं ‘सोंग’.