शब्दचर्चा: ‘दुय्यम तरंगिका’ मधलं ‘दुय्यम’ म्हणजे नेमकं काय?

ओवी: हायगेन्सच्या तत्त्वावरून प्रतल तरंगाग्राचं परावर्तन आणि अपवर्तन सिद्ध करायचंय, परीक्षेत लिहितात तसं. पहिल्याच ओळीला अडले. ‘तरंगाग्रावरचा प्रत्येक बिंदू दुय्यम तरंगिकांचा स्रोत असतो.’ दुय्यम म्हणजे दुय्यम दर्जाची, कमी ताकदीची का? तसं असेल तर पुढे तिची त्रिज्या मूळ लाटेच्याच वेगाने का मोजतात? आणि आकृतीत A भोवती एकच वर्तुळ काढून C मधून त्याला स्पर्शिका टाकतात. A आणि C च्या मधल्या बिंदूंतून निघालेल्या तरंगिका जातात कुठे?

तेजस: अर्थ तोच आहे. तरंगिका म्हणजे छोटी, क्षीण लाट. क्षीण असते म्हणूनच काचेत शिरल्यावर तिचा वेग सेकंदाला 3×10⁸ मीटरवरून 2×10⁸ वर येतो. परावर्तनात ती पहिल्याच माध्यमात राहते, म्हणून वेग तोच. मधल्या बिंदूंचं मनावर घेऊ नकोस, गुण त्रिकोणांना मिळतात.

प्रथमेश: पण दुय्यम तरंग द्रवातून जातच नाहीत ना? भूगोलात तसंच शिकलोय. मग पाण्यात होणाऱ्या अपवर्तनाला ही सिद्धता चालेल कशी?

सुनंदाताई: प्रथमेश, तू म्हणतोस ते भूकंपाचे तरंग. नोंदणी यंत्रापर्यंत ते प्राथमिक तरंगांच्या मागून पोहोचतात, म्हणून तिथे दुय्यम. द्रवातून जात नाहीत ते खरं, पण त्यांचा इथे संबंध नाही. इथली दुय्यम तरंगिका म्हणजे आधी आलेल्या लाटेमुळे जन्मलेली. दर्जा, ताकद यातलं काहीच त्या शब्दात नाही.

तेजस, तुझे आकडे बरोबर आहेत, कारण चुकलंय. प्रकाश क्षीण असो की प्रखर, काचेतला त्याचा वेग काच ठरवते. म्हणूनच परावर्तनात त्रिज्या v₁t आणि अपवर्तनात v₂t.

ओवी, तुझा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो सोडला तर सिद्धता अर्धीच राहते. आकृती मापात काढ. पृष्ठभागावर AC 10 सेंमी घे. तरंगाग्र AB चं A हे टोक पृष्ठभागाला आत्ताच टेकलंय, B अजून वर हवेत आहे. B ला C पर्यंत जायला t वेळ लागतो, म्हणून BC = v₁t. ते 6 सेंमी धर. B पाशी काटकोन येतो. तेवढ्या वेळात A मधून निघालेली तरंगिका काचेत v₂t इतकी पसरते. 1.5 अपवर्तनांकाच्या काचेत ते 4 सेंमी. A भोवती 4 सेंमीचं वर्तुळ काढ, C मधून त्याला स्पर्शिका टाक, स्पर्शबिंदूला D म्हण.

आता AC चा मध्यबिंदू P घे. तरंगाग्र P ला अर्धा वेळ उलटल्यावर पोहोचतं. उरलेल्या अर्ध्या वेळात तिथली तरंगिका 2 सेंमी वाढते. P भोवती 2 सेंमीचं वर्तुळ काढून बघ, तीच रेषा त्यालाही स्पर्श करते का.

ओवी: काढलं. करते! A पासून 2.5 सेंमीवरचा बिंदूही करून पाहिला. तिथे पाऊण वेळ उरतो म्हणून 3 सेंमीचं वर्तुळ, तेही बरोबर टेकलं. पण असं का होतं, हे दोन ओळींत कसं लिहू?

सुनंदाताई: P पासून रेषा CD पर्यंतचं लंबांतर PC × sin r येतं. त्रिकोण ADC मध्ये sin r = AD/AC, म्हणजे ते अंतर AD × PC/AC झालं. आणि P ला उरलेला वेळ t × PC/AC असल्याने तरंगिकेची त्रिज्याही v₂t × PC/AC, म्हणजे तेवढीच. P कुठेही घे, दोन्ही सारखेच बदलतात. म्हणून CD ही सगळ्या तरंगिकांची सामाईक स्पर्शिका ठरते, आणि म्हणूनच तिला नवं तरंगाग्र म्हणायचं. एकट्या A च्या वर्तुळावरून तसं म्हणता येत नाही.

पुढचं झटपट होतं. sin i = BC/AC, sin r = AD/AC. भागाकार केला की AC जातो आणि v₁/v₂ उरतो. तुझ्या आकृतीत 0.6 भागिले 0.4, म्हणजे 1.5. कोन साधारण 36.9° आणि 23.6° येतील, कोनमापकाने ताडून घे.

तेजस: परावर्तनात स्पर्शिका वरच्या बाजूला टाकायची आणि AE = v₁t = BC घ्यायचं. ABC आणि CEA दोन्ही काटकोन त्रिकोण, कर्ण सामाईक, एक बाजू समान, म्हणून एकरूप. i = r.

सुनंदाताई: हे अगदी नेमकं.

ओवी: माझा i मात्र 53° येतोय.

सुनंदाताई: मग तू किरण BC आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन मोजलास. i किरण आणि स्तंभिका यांच्यातला असतो. किरण तरंगाग्राला लंब, स्तंभिका पृष्ठभागाला लंब. म्हणून तोच कोन तरंगाग्र आणि पृष्ठभाग यांच्यात, A पाशी, सापडतो. ही ओळ उत्तरात लिहायलाच हवी, नाहीतर त्रिकोणातला कोन i कसा झाला हे कळत नाही. ताळा करायची सोपी खूण अशी की हवेतून काचेत जाताना AB पेक्षा CD पृष्ठभागाकडे जास्त झुकलेली दिसली पाहिजे. उलट दिसली तर किरण आणि तरंगाग्र यांची अदलाबदल झालीय.

प्रथमेश: भूकंपाचं डोक्यातून काढून टाकलं. आता उलटं केलं, काचेतून हवेत. AC तेच 10, BC 8 घेतलं, तर हवेतली तरंगिका 12 सेंमीची आली. C वर्तुळाच्या आतच गेला. स्पर्शिका टाकू कुठून?

सुनंदाताई: टाकताच येणार नाही, आणि तेच पूर्ण आंतरिक परावर्तन! तरंगिका आहेत, पण त्यांना सामाईक स्पर्शिका नाही, म्हणून हवेत पुढे जाणारं तरंगाग्र नाही. BC कमी करत जा. 6.67 सेंमीला वर्तुळ बरोबर C मधून जाईल. तिथे i 41.8° असतो, तोच या काचेचा क्रांतिक कोन.

ओवी: एक शंका राहिलीच. तरंगाग्र हवेतून पुढे सरकताना तरंगिकांचा मागचा भाग नसतो असं आपण धरतो. मग पृष्ठभागावर त्याच तरंगिका मागे कशा येतात? परावर्तन त्यांच्यावरच तर उभं आहे.

तेजस: पृष्ठभाग त्यांना ढकलतो.

सुनंदाताई: ढकलतो म्हणून भागत नाही, तेजस. हायगेन्सने 1690 मध्ये हे छापलं तेव्हा मागची लाट का नाही याचं पुरेसं कारण दिलेलं नव्हतं. पुढे कर्चहॉफच्या गणितातून (1 + cos θ)/2 असा गुणक आला, तो बरोबर मागच्या दिशेला शून्य होतो. पण ते सलग, एकसारख्या माध्यमातलं. पृष्ठभागावर माध्यमच बदलतं, तिथे मागे जाणारा भाग शून्य उरत नाही. किती उरतो, हे या आकृतीतून निघत नाही. काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के परत येतो, ते विद्युतचुंबकीय सीमाअटींवरून काढावं लागतं.

ओवी: म्हणजे परत येणाऱ्या लाटेची दिशा सिद्ध झाली, ती येते का हे नाही.

सुनंदाताई: हो. उत्तरपत्रिकेत दिशेपुरतंच विचारतात.

तेजस: मला अजूनही वाटतं, ‘दुय्यम’ऐवजी ‘उपजात’ म्हटलं असतं तर माझा घोळ झाला नसता.

प्रथमेश: उपजात म्हटलं की मला प्राण्यांच्या उपजाती आठवल्या असत्या. ‘दुय्यम’च राहू दे.