कथेसाठी सल्ला हवाय: सूर ओळखणारं अ‍ॅप पेटीवर कुठे चुकेल?

शाईचाडाग: लघुकथा लिहितेय. दादरच्या पुलावर पेटी वाजवणारे अंध काका, आणि एक इंजिनियरिंगचा पोरगा जो आवाजातल्या कंपनसंख्या सुट्या करून दाखवणाऱ्या फुरिये ट्रान्सफॉर्मवर अ‍ॅप बनवून त्यांच्यापुढे फोन धरतो, वाजेल त्या सुराचं नाव स्क्रीनवर येतं. अ‍ॅप एकदा चुकायला हवंय पण पटेल असं, फोन हँग झाला वगैरे नको. काकांचा सा काळी एक. काय दाखवू?

बंड्या_६७: ट्यूनर घ्यायचा तर क्लिपवाला घ्या, मी गिटारला तोच लावतो, गर्दीतही चालतो.

शाईचाडाग: अहो घ्यायचा नाहीये, कथेत आहे 😀

खर्जातला: खालच्या सप्तकातला सा दाबायला लावा, तो साधारण १३८.६ हर्ट्झ. लोकलचा गडगडाट नको म्हणून पोराने २०० च्या खालचं सगळं कापलंय असं ठेवा, म्हणजे मूळ सूरच गेला, उरली त्याची दुप्पट २७७ आणि तिप्पट ४१६. पत्तीच्या आवाजात वरचे स्वरांश दणकट असतात, त्यात तिप्पटवाला मोठा निघाला आणि पोराचं अ‍ॅप नुसतं सगळ्यात उंच शिखर बघत असेल तर स्क्रीनवर येणार `G#4`. काळी चार. म्हणजे काकांचा पंचम! पोरगा "जी शार्प" वाचून दाखवेल आणि काका म्हणतील, मी तर षड्ज दाबलाय.

कोडेकर: सोपं आहे की, सॅम्पलिंग रेट ९६ हजार करायचा, अचूकता वाढते.

खर्जातला: याने हे शिखर हलणार नाही. आणि शेजारचे सूर वेगळे काढायचे तर किती वेळ ऐकलं ते महत्त्वाचं. ४४१०० ला ४०९६ नमुने म्हणजे ०.०९ सेकंद, त्यात कंपनसंख्येची घरं पडतात पावणेअकरा हर्ट्झची, आणि तिथे सा आणि कोमल रे मध्ये अंतर जेमतेम सव्वाआठ. तेवढेच नमुने ९६ हजारला घेतले तर घरं अजून रुंद होतील. चौपट नमुने घ्या, घरं बारीक होतात, पण ०.३७ सेकंदात काकांचे दोन-तीन सूर वाजून गेलेले असतात आणि ते सगळे एकाच चित्रात येतात. शिखराबद्दल म्हणाल तर पोराने दुप्पट-तिप्पट जागाही तपासल्या असत्या तर चूक पकडली असती, पण मग तुमची कथा गेली.

भातावाली: माझ्या पेटीला डबल लाईन आहे, एक पट्टी दाबली की खर्जाची आणि मधली अशा दोन पत्त्या वाजतात. काकांची तशी असेल तर २७७ च वरचढ होईल, पंचम नाही येणार, सप्तक तेवढं चुकेल.

खर्जातला: बरोबर, तसंही होऊ शकतं. पत्ती कशी आहे त्यावर.

शाईचाडाग: मग खर्जाची पत्ती फक्त, मधलीला धूळ बसून ती बंद पडलीय असं केलं तर? पुलावर ठेवलेली पेटी, चालेल ना?

भातावाली: चालेल, पण मग काकांनाच आधी कळेल, आवाज पातळ होतो. ते पट्टी काढून फुंकर मारतील.