कथालेखकांच्या गटात अभिप्रायाचे नियम कसे ठरवावेत? रविवारच्या आत मदत हवी आहे

शाईची_दौत
आमचा कथालेखकांचा एक लहान गट आहे. मागच्या बैठकीत एका लेखिकेच्या कथेवर चर्चा चालू असताना वाद इतका वाढला की ती कागद गोळा करून निघून गेली, आणि आणखी एका सभासदाने यापुढे येणार नसल्याचे कळवले आहे. अभिप्राय देण्याचे आणि घेण्याचे स्पष्ट नियम मला हवे आहेत. 'एकमेकांचा आदर राखावा' हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, त्यामुळे कृपया तो पुन्हा सुचवू नये. पुढची बैठक येत्या रविवारी आहे.

नदीकाठ
तुम्ही एवढेच सांगितलेत तर कोणता नियम तुमच्या उपयोगी पडेल हे सांगता येणार नाही. सभासद किती आहेत? कथा आधी वाचायला मिळते की बैठकीतच वाचून दाखवली जाते? कथेची लांबी किती असते, आणि कोणी कोणत्या क्रमाने बोलायचे हे ठरलेले असते का? मी सुमारे नऊ वर्षे असा गट चालवतो आहे, आणि बहुतेक भांडणांचे मूळ या चार गोष्टींत सापडते.

गझलवेडा
माझा अनुभव वेगळा आहे. मी एका समूहात गझल अभिप्रायासाठी टाकली आणि दोन महिन्यांनी तिच्यातला एक शेर जवळजवळ जसाच्या तसा दुसऱ्याच्या नावाने वाचण्यात आला. सर्वांकडून आधी लेखी हमी घ्यावी, हा माझ्या मते पहिला नियम असला पाहिजे.

शाईची_दौत
गझलवेडा, तुमच्या बाबतीत घडले ते वाईटच झाले, पण आमच्याकडे चोरीची शंका कोणालाही नाही. नदीकाठ, आम्ही सहा जण आहोत आणि महिन्यातून एकदा कोथरूडला एका सभासदाच्या घरी जमतो. कथा तिथेच वाचून दाखवली जाते. मागची कथा सुमारे पाच हजार शब्दांची होती, त्यामुळे वाचनातच पाऊण तास गेला. त्यानंतर ज्याला बोलायचे असेल तो बोलतो.

परखड_वाचक
यावरचा उपाय फार पूर्वीच सापडलेला आहे. डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल यांनी १९५६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड येथे विज्ञानकथालेखकांची बैठक सुरू केली. तिथून रूढ झालेल्या पद्धतीत सर्व जण वर्तुळात बसतात, प्रत्येक जण ठरलेला वेळ बोलतो आणि लेखकाने तोंड उघडायचे नसते. तुमची लेखिका गप्प बसली असती तर वादच झाला नसता. ज्याला कठोर बोल सोसत नाहीत, त्याने गटात येऊ नये.

नदीकाठ
परखड, तुम्ही पद्धत अर्धीच सांगितलीत. वर्तुळ पूर्ण झाल्यावर लेखकाला मध्ये न थांबवता उत्तर देता येते आणि त्यानंतर खुली चर्चा होते. हा शेवटचा भाग गाळला, तर मौन ही शिक्षा ठरते. शिवाय त्या पद्धतीत हस्तलिखित सर्वांनी आधीच वाचलेले असते. पाऊण तास एकदा ऐकलेल्या कथेबद्दल श्रोत्याला फक्त ठसा सांगता येतो, नेमकी जागा दाखवता येत नाही. ठशावर बोलणारे लवकरच लेखकाच्या स्वभावावर बोलू लागतात. शाईची_दौत, वादाची ठिणगी नेमकी कोणत्या वाक्यावर पडली?

शाईची_दौत
कथेतली बाई मुलाच्या लग्नाचा निर्णय करण्यासाठी गावच्या देवळात कौल लावते. पहिल्या बोलणाऱ्याने कौल म्हणजे छपराचे कौल असा अर्थ घेतला आणि 'हा प्रसंग गळणाऱ्या छपरापाशी सुरू झाला पाहिजे' असे सुचवले. पुढच्या दोघांनी तोच धागा धरून नवीन सुरुवातही रचून दिली. लेखिका मूळची सिंधुदुर्गातली आहे. कौल लावणे म्हणजे देवाचा होकार की नकार हे विचारणे, असा अर्थ तिने मध्येच थांबवून सांगितला, तेव्हा 'हे आम्हांला कथेतून कळायला हवे होते' असे तिला ऐकवण्यात आले.

माजगावकर
देवाला कौल लावणे म्हणजे काय हे मराठी कथा वाचणाऱ्या माणसाला ठाऊक नसावे, याचा दोष लेखिकेवर कसा येतो? आमच्याकडचा प्रत्येक शब्द पुण्याच्या वाचकासाठी उलगडून लिहायचा ठरवला, तर कथेऐवजी माहितीपत्रक तयार होईल.

नदीकाठ
या एका प्रसंगात तीन वेगळ्या चुका झाल्या आहेत. पहिली अशी की, पहिल्या वाचकाचा गैरसमज पुढच्या दोघांनी उचलला. यासाठी प्रत्येकाने आपला अभिप्राय बैठकीपूर्वी अर्धे पान लिहून आणावा आणि तोच वाचावा. मग तिघांनी स्वतंत्रपणे चुकीचा अर्थ घेतला की एकानेच, हे लेखिकेला कळते. दुसरी अशी की, वाचकांनी अडलेली जागा सांगण्याऐवजी थेट दुरुस्ती सुचवली. 'दुसऱ्या पानावर बाई देवळात का गेली हे मला समजले नाही, तिथून पुढे मी अंदाजाने वाचत होतो' एवढे वाक्य पुरेसे होते. असे वाक्य कितीही परखड असले, तरी त्यावर भांडता येत नाही, कारण ते वाचकाच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल असते. नवीन सुरुवात रचून देणे लेखिकेने विचारल्याशिवाय करू नये.

तिसरी चूक मौनाबाबतची आहे. तिने गप्प राहावे हे मला मान्य आहे, पण चर्चा निव्वळ वस्तुस्थितीच्या गैरसमजावर चालली असेल, तर सूत्रधाराने तिला एक वाक्य बोलू द्यावे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास आखलेल्या पद्धतीत प्रेक्षकांना काय भिडले हे आधी सांगितले जाते, मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो, आणि एखाद्याला मत द्यायचे असेल तर तो आधी परवानगी मागतो. आम्ही त्यातून एकच गोष्ट घेतली: लेखक कथेसोबत दोन प्रश्न पाठवतो. 'कौल लावण्याचा प्रसंग तुम्हांला कळला का?' हा प्रश्न आधी आला असता, तर तुमची बैठक वेगळी झाली असती.

परखड_वाचक
आधी प्रश्न दिले की वाचक तेवढेच शोधत वाचतो. लेखकाला न सुचलेला दोष मग कोण दाखवणार?

नदीकाठ
हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून आम्ही प्रश्न वेगळ्या पाकिटात पाठवतो आणि अभिप्राय लिहून झाल्यावरच ते उघडतो. तरीही काही जण आधी उघडतात, हेही खरे.

शाईची_दौत
वेळेचे गणित कसे बसवता?

नदीकाठ
कमाल तीन हजार शब्द, आणि कथा सात दिवस आधी सर्वांच्या हातात. लेखक सोडून पाच जण प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे वीस मिनिटे. लेखकाची पाच मिनिटे आणि खुली चर्चा पंधरा मिनिटे. चाळीस मिनिटांत एक कथा होते, त्यामुळे मध्ये चहा घेऊनही दीड तासात दोन कथा बसतात. घड्याळ सांभाळणारा दर वेळी बदलावा, आणि ज्याची कथा आहे त्याला ते काम देऊ नये.

शाईची_दौत
सात दिवसांचा नियम या रविवारी पाळता येणार नाही, म्हणून या वेळी नवीन कथा न घेता तीच कथा पुन्हा घेऊ. आज सर्वांना तिची प्रत पाठवतो आणि लेखी अभिप्राय मागवतो. लेखिकेशी मी बोललो. ती येणार आहे. तिने एक वाक्य वाढवले आहे: गुरवाने भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या आणि बाई उजव्या पाकळीकडे डोळे लावून बसली. 'कौल' या शब्दाचा अर्थ मात्र तिने कुठेही सांगितलेला नाही.

माजगावकर
हे वाक्य चांगले आहे. ते पुण्याच्या वाचकांसाठी घालावे लागले, हे मला अजूनही पटलेले नाही.

नदीकाठ
रविवारी पाचही जणांना बैठकीपूर्वी एकच गोष्ट लिहायला सांगा: बाई कशाची वाट पाहत बसली आहे? कागद गोळा होईपर्यंत कोणीही बोलू नये.