शब्दचर्चा: ‘परिमेयीकरण’ आणि वर्गमुळाचं इंटिग्रेशन

शाईपेन: मराठीतून बीएस्सीच्या नोट्स लिहितेय. x²+x+1 हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून √(x²+x+1) असलेलं इंटिग्रल सोडवायला √(x²+x+1) = t − x असं ठेवतात, मग वर्गमूळ जातं. याला इंग्रजीत रॅशनलायझिंग सब्स्टिट्यूशन म्हणतात तर मी ‘परिमेयीकरण’ लिहिलं, पण एकीने वाचून विचारलं की हे नववीतलं छेदाचं परिमेयीकरणच ना? तेव्हापासून अडलेय.

गावठाण: तेच आहे की. करणी घालवायची म्हणजे परिमेयीकरण, तिथे छेदातली घालवतो इथे इंटिग्रलमधली. एकच शंका, 3x² असेल तर t − √3·x ठेवावं लागतं, मग √3 राहतोच ना, परिमेय कुठे झालं?

फळाखडू: गावठाण, अर्धं बरोबर आहे तुमचं. करणी घालवायची हे खरं, पण नववीत ‘परिमेय’ संख्येला लागतं आणि इथे फंक्शनला. परिमेय फंक्शन म्हणजे एका बहुपदीला दुसरीने भागलेलं, त्यात सहगुणक √3 असला तरी काही बिघडत नाही, फक्त t वर्गमुळाच्या आत अडकलेला नको. आणि नववीत आपण जोडीच्या करणीने गुणतो, तसं इथे गुणत नाही, इथे चलच बदलतो. शाईपेनताईंचंच उदाहरण करून बघा. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² दोन्हीकडून उडतो, सगळी गंमत तिथेच आहे, आणि x एकघाती उरतो:

```
x² + x + 1 = t² − 2tx + x²
x  = (t² − 1)/(2t + 1)
√  = t − x = (t² + t + 1)/(2t + 1)
dx = 2(t² + t + 1)/(2t + 1)² dt
```

आता ∫dx/(x√(x²+x+1)) मध्ये हे घाला, सगळं कटत कटत 2/(t²−1) उरतं, त्याचं उत्तर ln|(t−1)/(t+1)| + C, मग शेवटी t = x + √(x²+x+1) परत ठेवायचं.

वाटसरू१२: पण पूर्ण वर्ग नाही म्हणताय तर आधी पूर्ण वर्ग करून घ्या ना, क्लासमध्ये आम्हाला तेच शिकवलं, (x+½)² + ¾.

फळाखडू: इथेही शब्दाचाच घोळ आहे. ‘पूर्ण वर्ग करणे’ ही कृती, ती कुठल्याही वर्गपदीवर होते, शेवटी ¾ सारखं काहीतरी बाहेर उरतं. ‘पूर्ण वर्ग असणे’ म्हणजे काहीच न उरणे, जसं x²+2x+1, तिथे वर्गमूळ सरळ |x+1| येतं आणि सब्स्टिट्यूशनची गरजच नाही, फक्त ते मॉड्युलस विसरू नका. तुमच्या रस्त्यानेही उत्तर येतं, पुढे tan θ ठेवावं लागतं एवढंच.

मेथीदाणे: माझं हेच गणित चुकलं म्हणून मार्क गेले!! मी फळाखडूंसारखंच केलं पण उत्तरसूचीत −ln|(2+x+2√(x²+x+1))/x| होतं, दोन्हींचा काहीच मेळ दिसत नाही, रात्रभर चूक शोधत बसले.

फळाखडू: चूक नव्हतीच. तुमचं उत्तर उलटून −ln|(t+1)/(t−1)| असं लिहा आणि x=1 ठेवा, t = 1+√3, म्हणजे 2.732. तुमचा (t+1)/(t−1) येतो 2.155 आणि सूचीतला आकडा 6.464, बरोबर तिप्पट. आता x=3 ठेवा, 1.357 आणि 4.070, पुन्हा तिप्पटच. म्हणजे दोन उत्तरांत फरक ln 3 चा, तो C मध्ये जातो. उत्तर जुळेना तर दोन ठिकाणी x ठेवून फरक बघायचा, तोच आला तर ठीक, बदलला तर चूक शोधायला बसायचं. तपासणाऱ्याने हे बघायला हवं होतं, मला खरंच वाईट वाटलं.

शाईपेन: आणि x² चा सहगुणक a ऋण असेल तर? t − √a·x मध्ये √a च येणार नाही.

फळाखडू: हो, तिथे ही युक्ती थांबते. √(4+3x−x²) घ्या, आतली मुळं −1 आणि 4, तर √ = (x+1)t ठेवा, वर्ग केल्यावर एक (x+1) कटतो आणि x पुन्हा एकघाती. ऑयलरने १७६८ मध्ये छापलेल्या इंटिग्रेशनच्या ग्रंथापासून या युक्त्यांना त्याचंच नाव आहे. चित्र काढलं तर कारण दिसतं: y² = x²+x+1 हा अपास्त, आणि y = t − x ही त्याच्या अनंतस्पर्शीला समांतर रेषा, ती त्याला एकाच बिंदूत छेदते, म्हणून t दिला की बिंदू ठरला. आत x³ आला की सहसा हे जमत नाही, कारण वक्रावरच्या बिंदूतून काढलेली रेषा अजून दोन ठिकाणी छेदू शकते.

गावठाण: संख्येचं नाही फंक्शनचं, हे पटलं. पण मग शब्द वेगळा हवा, ‘परिमेयीकरण’ वाचलं की पोरं गुणायलाच धावतील.

शाईपेन: ‘परिमेय करणारं सब्स्टिट्यूशन’ लिहू का? लांब आहे, पण गैरसमज होत नाही.

फळाखडू: मला ‘परिमेयीकरणच’ आवडतं, पुढे ‘चलबदलाने’ जोडा.

गावठाण: मी शाईपेनच्या बाजूने.