मदत हवी आहे: रंध्याच्या पात्यावरच्या शिक्क्यावरून साल ठरवता येतं का?

मृणाल_आर्वी

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी माळ्यावरून आजेसासऱ्यांची हत्यारांची पेटी उतरवली. ते वाढई होते. बैलगाड्या, वखर, दारं-खिडक्या सगळं करायचे म्हणे. पेटीतली बरीच हत्यारं गंजून गेली आहेत, पण एक रंधा आणि एक करवत चांगली आहे.

रंधा सागवानाचा, साधारण 17 इंच लांब. पातं सव्वादोन इंच रुंद, धारेकडे जाड आणि वर पातळ होत गेलेलं. धारेजवळ 5 मिमी भरतं, वरच्या टोकाला 3 मिमी. मधोमध उभी खाच आहे. पात्यावर शिक्का आहे, पण निम्मा पुसलाय. सुरुवातीची अक्षरं गेली आहेत, मग आर पी एल ई एस, त्यापुढे अँड सन्स. खालच्या ओळीत शेफील्ड. त्याखाली वॉरंटेड कास्ट स्टील. बाजूला तीन पाकळ्यांचं पान. इंग्लंड हा शब्द कुठेच नाही. रंध्याच्या पुढच्या तोंडावर मात्र देवनागरीत "ग" आणि त्रिशूळ कोरलाय.

करवतीच्या मुठीला पितळी बिल्ला आहे, त्यावर वॉरंटेड सुपिरियर. पात्यावर मुठीजवळ जी.आय.पी.आर. ठोकलंय.

जुनं सामान विकत घेणारा एक माणूस येऊन गेला. तो म्हणतो रंधा कंपनी सरकारच्या काळातला, दोनशे वर्षांचा. माझे दीर म्हणतात काही नाही, पन्नास-साठ वर्षांचा असेल. विकायचा नाहीच आहे, पण खरं काय ते कळायला हवं. शिक्का नीट दिसावा म्हणून पॉलिश पेपर मारू का?

भाता_आणि_ऐरण

ताई, सोपं आहे. 1891 नंतर परदेशी मालावर देशाचं नाव घालणं कायद्याने सक्तीचं झालं. तुमच्या पात्यावर इंग्लंड नाही, म्हणजे ते 1891 च्या आधीचं. दुसरं म्हणजे कास्ट स्टील जुन्या काळीच व्हायचं. ग्राइंडरला हलकं लावून बघा, ठिणगी फुलासारखी फुटली की जुनं पोलाद. ठिणगीवरून काळ कळतो.

पुलगावचा_बंडू

राजेहो, रंध्याले धार लागत नसंन तं मी सांगतो. पातं पंचवीस अंशात धरून घासाचं, वरून उगीच पाणी ओतत बसू नका, दगड तेलाचा पाह्यजे. आमचा बुढा तसंच करे.

आन् माह्याकडे एक पटाशी हाये, तिच्यावर बाण हाये आन् बाणाखाली इंग्रजी आय. आजूबाजूचे म्हणते बाण म्हणजे शिकाऱ्याची निशाणी. ते काय असंन भाऊ?

मृणाल_आर्वी

बंडूभाऊ, धारेचं नाही हो विचारलं, सालाचं विचारलंय. पण तेलाचा दगड लक्षात ठेवते.

सागवान_शिसव

मृणालताई, आधी पॉलिश पेपर बाजूला ठेवा, ग्राइंडर तर अजिबात नको. शिक्का ठोकलेला असला तरी अक्षरांच्या कडा गंजाने आधीच गोल झालेल्या असतात. पेपर फिरला की उरलेली अक्षरंही जातात. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने वरवरची माती काढा, कोरडं करा. पांढऱ्या खडूची भुकटी बोटाने खाचांत भरून वरचा भाग पुसा. मग खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पात्याच्या अगदी कडेने धरा. पुसलेली अक्षरंही सावलीत उठून दिसतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली तर ठसा कागदावरही येतो.

आता शिक्का. तीन पाकळ्यांचं पान आणि मागे "पल्स अँड सन्स" म्हणजे शेफील्डची विल्यम मार्पल्स ही पेढी. ही पेढी 1828 मध्ये सुरू झाली, पण नावात "अँड सन्स" लागलं ते 1860 मध्ये, मुलं धंद्यात आल्यावर. म्हणजे तुमचं पातं 1860 च्या आधीचं असूच शकत नाही. कंपनी सरकारचं राज्य 1858 मध्येच संपलं. त्या खरेदीदाराचा दावा इथेच पडला. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी हा एकच अंक त्याला पुरेसा आहे.

वरची मर्यादा मात्र इतकी सरळ नाही. भाताभाऊंचं 1891 हे साल बरोबर आहे, पण तो कायदा अमेरिकेचा. तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं होतं. मुंबई बंदरात उतरून वऱ्हाडात आलेल्या पात्याला तो लागू नव्हता. कारखानदार वेगवेगळ्या बाजारपेठांसाठी वेगवेगळे ठसे वापरायचे, शेफील्ड हे नावच खरेदीदाराला पुरेसं असायचं. म्हणून इंग्लंड लिहिलेलं असेल तर ते पातं बहुधा 1890 नंतरचं, एवढं म्हणता येतं. लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कास्ट स्टीलचंही तसंच. बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. तो माल चांगला म्हणून हे शब्द पात्यावर ठोकायची चाल पडली आणि ती विसाव्या शतकातही चालू राहिली. पहिल्या महायुद्धानंतर विजेच्या भट्ट्यांनी मुशीची जागा घेतली, तरी शेफील्डजवळच्या ॲबीडेलला मुशीची भट्टी दुसऱ्या महायुद्धातही पेटवली गेली होती. म्हणून हे शब्द दिसले की पातं 1900 च्या आधीचं, असं म्हणता येत नाही.

भाता_आणि_ऐरण

कायद्याचं मान्य, अमेरिकेचं आहे हे माहीत नव्हतं. पण ठिणगी खोटी नाही बोलत. चाळीस वर्षं लोहारकी आहे आमची.

सागवान_शिसव

ठिणगी खोटी बोलत नाही, भाताभाऊ, पण ती कार्बन सांगते, साल सांगत नाही. जास्त कार्बनचं पोलाद दाट फुलारतं. घडीव लोखंडाची ठिणगी लांब पिवळसर रेघ काढते, फुलारत नाही. हायस्पीड स्टील असलं तर मंद लाल. मुशीतलं पोलाद आणि नंतरचं विजेच्या भट्टीतलं कार्बन स्टील यांची ठिणगी सारखीच दिसते. पातं हायस्पीड स्टीलचं आहे की नाही एवढं कळेल, पण त्यासाठी जुन्या पात्याची कड जाळायची गरज नाही.

पोलाद बघायचंच असेल तर ताई, पात्याची एक उभी कड धारेजवळ बारीक दगडावर तेल लावून थोडी चमकवा. शिक्क्याची बाजू नको. चमकलेल्या कडेवर लिंबाचा रस लावा, पाचेक मिनिटांनी धुऊन पुसा. पातं दोन धातूंचं असेल तर एक रेघ उमटेल. धारेच्या बाजूचा पोलादाचा पातळ थर गडद होईल, मागचं लोखंड फिकं राहील आणि त्यात लाकडासारखे धागे दिसतील. शेफील्डची जाड पाती तशीच करायची, लोखंडाच्या अंगावर पोलादाची पट्टी भट्टीत जोडून. पण हीही चाल विसाव्या शतकात बराच काळ टिकली, त्यामुळे एकट्या रेघेवर साल ठरत नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या रंध्याचं खोड विलायती नाही. तिकडचे रंधे बीच लाकडाचे, आणि कारखान्याचा शिक्का पुढच्या तोंडावर असतो. तुमच्याकडे तिथे "ग" आणि त्रिशूळ आहे, म्हणजे खोड इथल्याच वाढयाने सागवानातून काढलं आणि पातं बाजारातून आणून बसवलं. आपल्याकडे सरसकट असंच चालायचं. तेव्हा शिक्क्यावरून निघेल ते पात्याचं साल. खोड त्याच काळातलं असेल किंवा चाळीस वर्षांनंतरचं. एकाच पात्याला तीन खोडंही लागली असतील.

पाचर काढून पातं उचला आणि ते जिथे टेकतं त्या तिरप्या लाकडावर गंजाची सावली बघा. एकच सावली, पात्याएवढीच रुंद, तर हे पातं या खोडात पहिल्यापासून असावं. दोन वेगवेगळ्या रुंदीच्या सावल्या असतील किंवा बाजूला लाकडाच्या चिपा भरलेल्या असतील, तर आधी दुसरं पातं होतं.

मृणाल_आर्वी

सावली बघितली. एकच आहे, पण पात्यापेक्षा अगदी थोडी अरुंद. लिंबाचीही रेघ आली! धारेपासून वर फक्त अर्ध्या इंचापर्यंत गडद भाग आहे, मग फिकं. खडू लावून टॉर्च मारली तर आर च्या आधी एम आणि ए दिसतात. म्हणजे मार्पल्स नक्की. दीर जरा गप्प झाले आहेत.

सागवान_शिसव

छान. अर्धाच इंच उरलाय म्हणजे पोलादाचा बराचसा भाग धार लावता लावता संपलाय. नवीन पात्यात ही पट्टी बरीच वर जाते. हत्यार खूप चाललंय हे नक्की, पण किती वर्षं ते यावरून काढू नका. रोज काम करणारा वाढई आणि पावसाळ्यात बसून असणारा वाढई यांची झीज सारखी नसते.

सावली अरुंद आहे याचा अर्थ मी ठामपणे सांगू शकत नाही. आधी दोन इंची पातं असेल आणि नंतर खोडातली खाच रुंद करून हे बसवलं असेल, किंवा कडांपर्यंत गंज पोचलाच नसेल. खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती टॉर्चने बघा. एका भिंतीवर पटाशीचे ताजे, जास्त फिके वार दिसले तर रुंद केलेली.

पात्याचं अनुमान माझ्यापुरतं असं: 1860 नंतरचं नक्की, 1930 पर्यंतचं बहुधा. जाड, वर पातळ होत गेलेलं पातं आणि एकूण शिक्का बघता मी 1880 ते 1910 म्हणेन, पण हा माझा अंदाज, पुरावा नव्हे. रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, त्यानंतर असा माल वर्ध्याच्या बाजारात येणं सोपं झालं.

यवतमाळी_अनिल

करवतीचं कोणीच बोललं नाही. जी.आय.पी.आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. रेल्वेनेच करवती बनवल्या असतील ना मुंबईच्या कारखान्यात?

सागवान_शिसव

नाही, तो मालकाचा शिक्का, बनवणाऱ्याचा नाही. रेल्वेच्या भांडारातल्या हत्यारांवर तो ठोकायचे, चोरी पकडता यावी म्हणून. पण उपयोगी आहे: 5 नोव्हेंबर 1951 ला जी.आय.पी.आर. मध्य रेल्वेत गेली, तेव्हा शिक्का त्याआधीचा. बिल्ल्यावरच्या वॉरंटेड सुपिरियरवरून मात्र काही कळणार नाही. कितीतरी कारखाने आपल्या दुय्यम मालावर तोच बिल्ला लावायचे.

मुठीचे पितळी स्क्रू बघा. डोकं लाकडाशी सपाट आणि मधोमध चिरलेलं असेल तर जुन्या पद्धतीचं, वर आलेलं घुमटाकार असेल तर नंतरचं. मूठ खोलू मात्र नका, ते स्क्रू हमखास तुटतात. आणि दात कुठल्या दिशेला वळलेत?

बंडूभाऊ, तुमच्या पटाशीवरचा बाण सरकारी मालाची खूण, खालचा आय म्हणजे इंडिया. शिकारी नाही. शेजारी चार आकडी साल ठोकलेलं असतं बऱ्याचदा, नीट बघा.

मृणाल_आर्वी

स्क्रू सपाट आहेत, चिरलेले. दात मुठीकडे वळलेत.

सागवान_शिसव

मग दात इथल्याच कोणीतरी कानशीने पुन्हा कापलेत, ओढून कापायच्या सवयीसाठी. विलायती करवत ढकलून कापते. स्क्रूवरून मूठ बदललेली वाटत नाही, पण तसे स्क्रू विलायतेत बराच काळ चालले, त्यामुळे 1951 ची वरची मर्यादा सोडली तर करवतीचं साल अधांतरीच राहील. रेल्वेतून ती तुमच्या घरी कशी आली, हे शिक्का सांगणार नाही.

पुलगावचा_बंडू

1943 निघालं भाऊ! खडूनं दिसलं. बाणाच्या डाव्या बाजूले. पटाशीले धार लावू का नोको आता?